सात तारखा, दोन फाइली: rsync आणि हार्ड लिंकने घेतलेल्या बॅकअपची उकल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ज्या पॅटर्न शॉपचे संगणक मी सांभाळतो, तेथे जून २०२५ मध्ये एका ड्रॉइंगवरून थोडा गोंधळ झाला. बिडाचे ओतकाम थंड होताना साधारण एक टक्क्याने आकसते, म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो लाकडी नमुना, मूळ मापापेक्षा तेवढा मोठा करावा लागतो. पंपाच्या एका कव्हरची ४०० मिलिमीटरची बाजू त्यामुळे ड्रॉइंगमध्ये आधीच ४०४ केलेली होती. कोणीतरी ही सूट द्यायची राहिली आहे असे समजून संपूर्ण ड्रॉइंग पुन्हा १.०१ पटीने वाढवले आणि त्याच नावाने सेव्ह केले. चार दिवसांनी, १६ तारखेला सकाळी, लाकडावर माप लावताना मिस्त्रींना ४०८ चा आकडा दिसला आणि त्यांनी विचारले, ‘‘हे कधी बदललं? आणि आधीचं आहे का कुठे?’’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच आठवत नव्हते, पण बॅकअपच्या डिस्कला ते ठाऊक होते. आधीचे ड्रॉइंगही त्याच डिस्कवर होते. हे कसे जमते, आणि ते जमावे यासाठी कोणत्या गोष्टी सांभाळाव्या लागतात, ते येथे मांडतो.

त्या डिस्कवर प्रत्येक दिवसाच्या नावाचा एक फोल्डर आहे: `2025-06-09`, `2025-06-10`, असे पुढे. यांपैकी कोणताही फोल्डर उघडला तर त्या रात्री नऊ वाजता सर्व्हरवर जे काही होते ते सगळे, म्हणजे सुमारे ३८ जीबीची ड्रॉइंग्ज, जागच्या जागी दिसतात. एखाद्या दिवसाचे पूर्ण चित्र मिळवण्यासाठी आधीच्या दिवसांचे तुकडे जोडत बसावे लागत नाही. प्रत्येक फोल्डर खरोखरच ३८ जीबीचा असता तर एक टीबीची डिस्क चोवीस-पंचवीस दिवसांत भरली असती. प्रत्यक्षात पहिल्या दिवसानंतर रोज सरासरी दोनशे एमबीच्या आसपास जागा खर्च होते. उरलेली जागा वाचते ती फाइली दाबून लहान केल्यामुळे नव्हे. न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते आणि सगळ्या तारखांच्या फोल्डरांत तिची केवळ नावे असतात.

हे समजण्यासाठी फाइल आणि फाइलचे नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे आधी मनात बसावे लागते. जुन्या पद्धतीच्या ग्रंथालयात गेलेल्यांना हे सोपे जाईल. पुस्तक कपाटात एका जागी असते, त्यावर दाखल क्रमांक असतो, आणि तालिकेच्या खणांत त्याच पुस्तकाची लेखकानुसार, नावानुसार, विषयानुसार वेगवेगळी कार्डे असतात. कार्डे तीन असली तरी पुस्तक एकच असते. लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये या दाखल क्रमांकाला आयनोड क्रमांक म्हणतात. फाइलीतील मजकूर डिस्कवर कोठे आहे, फाइल किती मोठी आहे, कोणाच्या मालकीची आहे, ती कोणी वाचावी व कोणी लिहावी, शेवटची केव्हा बदलली, हे सगळे आयनोडमध्ये नोंदलेले असते. नाव मात्र तेथे नसते. नाव फोल्डरमध्ये असते, आणि फोल्डर म्हणजे ‘या नावाचा आयनोड क्रमांक अमुक’ अशा नोंदींची यादी असते. एकाच आयनोडकडे बोट दाखवणारी दुसरी नोंद केली की तिला हार्ड लिंक म्हणतात. अशी नावे किती आहेत याचा आकडाही आयनोड स्वतःजवळ ठेवतो. एखादी फाइल ‘पुसली’ की प्रत्यक्षात एक नोंद खोडली जाते आणि हा आकडा एकने उतरतो. तो शून्यावर आला की मगच डिस्कवरची जागा मोकळी होते.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. या नावांमध्ये मूळ आणि नक्कल असा भेद नसतो. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटचे मूळ पुसले की शॉर्टकट निकामी होतो. हार्ड लिंकचे तसे नाही. पहिल्या दिवसाचा फोल्डर, ज्यात एकदा खरोखरच ३८ जीबी उतरवले गेले होते, तो उद्या पूर्ण पुसला तरी नंतरच्या तारखांना धक्का लागत नाही. जुने फोल्डर काढताना लोक बिचकतात ते बहुधा याच ठिकाणी, आणि ती भीती निराधार आहे. उलट निराशा मात्र होऊ शकते: ३८ जीबीचा दिसणारा फोल्डर पुसल्यावर दीडशे एमबीच मोकळे होतात, कारण बाकी सगळ्याला इतर तारखांची नावे अजून धरून असतात.

आता फाइलींची नक्कल उतरवणारा rsync हा प्रोग्रॅम यात काय करतो ते पाहू. रोज रात्री चालणारी स्क्रिप्ट एवढीच आहे:

```
#!/bin/bash
set -eu
DST=/mnt/backup
TODAY=$(date +%F)
mountpoint -q "$DST"
[ ! -e "$DST/$TODAY" ]
rm -rf "$DST/adhure"
rsync -a --link-dest=../latest /srv/drawings/ "$DST/adhure/"
mv "$DST/adhure" "$DST/$TODAY"
ln -sfn "$TODAY" "$DST/latest"
```

सगळी मदार `--link-dest` या पर्यायावर आहे. नवा फोल्डर रिकाम्यापासून सुरू होतो. सर्व्हरवरची प्रत्येक फाइल घेताना rsync ती फाइल कालच्या फोल्डरमध्ये, म्हणजे स्क्रिप्टची शेवटची ओळ रोज बनवते तो `latest` हा शॉर्टकट ज्याच्याकडे निर्देश करतो तेथे, त्याच जागी आहे का हे पाहते. तिचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ तंतोतंत जुळली, आणि परवानग्या व मालकीही तीच असली, तर फाइल न उचलता कालच्या आयनोडला आजच्या फोल्डरमध्ये आणखी एक नाव दिले जाते. काहीही वेगळे निघाले तर आजची फाइल नवीन आयनोडसह स्वतंत्रपणे लिहिली जाते, आणि कालची होती तशी राहते. फोल्डरांच्या मात्र हार्ड लिंक करता येत नाहीत, त्यामुळे रोज सगळे फोल्डर नव्याने तयार होतात. आमच्याकडे तीनेक हजार फोल्डर आहेत आणि प्रत्येकाला किमान चार केबी लागतात, म्हणून ज्या दिवशी एकही ड्रॉइंग बदललेले नसते त्या दिवशीही बारा एमबीच्या आसपास जागा जातेच.

स्क्रिप्टमधील बाकीच्या ओळी सावधगिरीच्या आहेत. `mountpoint` ची ओळ बॅकअपची डिस्क खरोखर जोडलेली आहे की नाही ते पाहते. ती नसेल तर `/mnt/backup` हा सर्व्हरच्याच डिस्कवरचा एक रिकामा फोल्डर असतो, आणि ३८ जीबी तिथेच ओतले जाऊन सकाळी सर्व्हरच अडून बसतो. पुढची ओळ आजच्या तारखेचा फोल्डर आधीच असेल तर स्क्रिप्ट थांबवते, कारण तयार झालेल्या फोल्डरवर rsync पुन्हा चालवले तर त्यातील फाइलींच्या परवानग्या किंवा वेळा बदलल्या जाऊ शकतात, आणि त्या आयनोडमध्ये असल्याने आधीच्या तारखांतही बदलतात. काम `adhure` नावाच्या फोल्डरमध्ये चालते आणि ते पुरते झाल्यावरच त्याला तारखेचे नाव मिळते, म्हणजे मध्येच वीज गेली तर अर्धवट फोल्डर कोणत्या तारखेच्या नावाने मिरवत राहत नाही.

डिस्कवर खरोखर काय घडले आहे हे जागा मोजणाऱ्या `du` ला विचारता येते, पण विचारण्याची रीत महत्त्वाची आहे. एकाच आदेशात सगळे फोल्डर दिले तर `du` प्रत्येक आयनोड एकदाच मोजते आणि तो ज्या फोल्डरमध्ये प्रथम भेटला त्याच्या खात्यावर टाकते:

```
$ cd /mnt/backup
$ du -sh 2025-06-*
38G     2025-06-09
214M    2025-06-10
96M     2025-06-11
187M    2025-06-12
13M     2025-06-13
241M    2025-06-14
152M    2025-06-15
```

हेच प्रत्येक फोल्डरसाठी वेगळा आदेश देऊन विचारले तर सातही वेळा ३८ जीबी असेच उत्तर येते, आणि दोन्ही उत्तरे खरी असतात. विंडोज संगणकावरून नेटवर्कद्वारे फोल्डरचे गुणधर्म पाहणाऱ्या माणसाला सात फोल्डरांची बेरीज २६६ जीबी दिसते. आमच्या मालकांनी एकदा ती पाहून नवी डिस्क मागवायची तयारी केली होती.

आता कव्हरच्या ड्रॉइंगकडे येऊ. प्रत्येक तारखेतील त्या फाइलीचा आयनोड क्रमांक आणि नावांची संख्या मागितली:

```
$ stat -c '%i %h %n' 2025-06-*/pump/cover-214.dwg
1840213 3 2025-06-09/pump/cover-214.dwg
1840213 3 2025-06-10/pump/cover-214.dwg
1840213 3 2025-06-11/pump/cover-214.dwg
1902577 4 2025-06-12/pump/cover-214.dwg
1902577 4 2025-06-13/pump/cover-214.dwg
1902577 4 2025-06-14/pump/cover-214.dwg
1902577 4 2025-06-15/pump/cover-214.dwg
```

पहिला रकाना आयनोडचा आहे. सात तारखांना सात फाइली दिसत असल्या तरी डिस्कवर दोनच आहेत: एकीला तीन नावे आहेत आणि दुसरीला चार. क्रमांक बदलतो तो ११ आणि १२ तारखेच्या मध्ये, म्हणजे ड्रॉइंग ११ तारखेच्या रात्री नऊनंतर आणि १२ तारखेच्या रात्री नऊच्या आधी बदलले गेले. दोन फाइली उघडून मापे ताडून पाहण्याआधीच, केवळ क्रमांकांवरून, मिस्त्रींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. नेमका तास हवा असेल तर १२ तारखेच्या फाइलीची बदलाची वेळ पाहायची, कारण `-a` मुळे ती सर्व्हरवर होती तशीच जपली जाते. आम्ही ती पाहिली. दुपारी चार वाजून दहा मिनिटे. त्या वेळी त्या संगणकावर कोण होते याची चौकशी आम्ही मुद्दाम केली नाही.

११ तारखेची फाइल सर्व्हरवर परत ठेवायची ती `cp -p` ने, म्हणजे तिची जुनी वेळही सोबत जाते. चुकीची फाइल त्याआधी दुसऱ्या नावाने बाजूला काढून ठेवावी. मात्र त्या रात्रीच्या फोल्डरमध्ये या ड्रॉइंगला १८४०२१३ हा जुना क्रमांक मिळाला नाही, एक तिसराच मिळाला. मजकूर अक्षरशः तोच असूनही असे का व्हावे, याचे कारण असे की rsync ला मागच्या सगळ्या इतिहासाची आठवण नसते. ते फक्त `latest` शी, म्हणजे १५ तारखेशी, तुलना करते, आणि तेथे चुकीचे ड्रॉइंग होते. `--link-dest` अनेकदा लिहून वीसपर्यंत जुने फोल्डर तुलनेला देता येतात, पण दोन-अडीच एमबीच्या फाइलीसाठी तो खटाटोप करण्यात अर्थ नाही.

तुलना फक्त जागेवरच्या फाइलीशी होते, याचा मोठा फटका नावे बदलताना बसतो. कोणी `pump` या फोल्डरचे नाव `pump-old` केले, तर त्यातील सगळ्या फाइली rsync च्या दृष्टीने नवीन असतात आणि त्या साऱ्या पुन्हा लिहिल्या जातात. तसेच एखादी मोठी फाइल रोज थोडीशी बदलत असेल, उदाहरणार्थ हिशेबाच्या सॉफ्टवेअरची डेटा फाइल किंवा ई-मेलची एकसंध पेटी, तर ती रोज पूर्ण आकाराने साठते. वाटणी फाइल हे एकक धरून होते, फाइलीच्या आतील भाग धरून होत नाही. नेटवर्कवरून घेताना rsync बदललेले तुकडे तेवढेच आणू शकते, पण बॅकअपच्या डिस्कवर उतरते ती अख्खी फाइल. म्हणून हिशेबाची दोन जीबीची फाइल आम्ही या रचनेतून काढली आणि तिच्यासाठी वेगळी सोय केली.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण या पद्धतीतील सर्वांत फसवी जागा तीच आहे. जुन्या तारखांच्या फोल्डरमध्ये जाऊन कोणी चुकून फाइल बदलू नये असे मला वाटत होते, आणि ती काळजी रास्त होती. ११ तारखेच्या फोल्डरमधील फाइल उघडून तेथेच सेव्ह केली तर परिणाम त्या प्रोग्रॅमच्या सवयीवर अवलंबून असतो. काही प्रोग्रॅम नवी फाइल लिहून तिला जुने नाव देतात. तेव्हा फक्त ११ तारीख बदलते. काही मात्र आहे त्याच फाइलीवर लिहितात. तेव्हा आयनोडचा मजकूरच बदलतो आणि ९ व १० तारखेचे ड्रॉइंगही निमूटपणे बदलून जाते. हे टाळण्यासाठी मी एका संध्याकाळी कालच्या फोल्डरवर `chmod -R a-w` चालवले आणि लिहिण्याची परवानगी सगळ्यांसाठी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी डिस्कवरची ३८ जीबी जागा एका रात्रीत गेलेली होती. परवानग्या आयनोडमध्ये असतात, नावात नसतात. मी कालच्या फोल्डरमधील परवानगी बदलली तेव्हा ती न बदललेल्या प्रत्येक फाइलीसाठी मागच्या सगळ्या तारखांतही बदलली, आणि सर्व्हरवरच्या फाइलींची परवानगी मात्र पूर्वीचीच होती. रात्री rsync ने तुलना केली, एकूण एक फाइलीची परवानगी वेगळी निघाली, आणि एकाही फाइलीची लिंक करता आली नाही. rsync चुकले नव्हते. दोन वेगवेगळ्या परवानग्या एका आयनोडमध्ये मावत नाहीत, म्हणून त्याला प्रत्येक फाइल नव्याने लिहिणे भाग होते. सर्व्हरवर कोणी एका झटक्यात सगळ्या फाइलींची मालकी बदलली तरी हेच होते.

लिहिणे रोखायचे ते फाइलींच्या परवानग्यांनी नव्हे, तर रस्त्यावरच. आमची बॅकअपची डिस्क आता कारागिरांच्या संगणकांना केवळ वाचण्यापुरती शेअर केलेली असते, आणि लिहिण्याचा अधिकार फक्त रात्रीच्या स्क्रिप्टला आहे. फाइलींच्या परवानग्यांना कोणी हात लावत नाही.

जुन्या लेखांमध्ये याच कामाची आणखी एक रीत सापडते: आधी `cp -al` ने कालच्या फोल्डरची सगळी नावे आजच्या फोल्डरमध्ये उतरवायची, आणि मग त्यावर साधे rsync चालवायचे. मजकूर बदललेल्या फाइलींच्या बाबतीत ती चालते, कारण rsync एरवी नवी फाइल तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी नाव बदलते आणि जुन्या आयनोडला शिवत नाही. पण फाइलीची फक्त परवानगी बदलली असेल तर ते आहे त्याच आयनोडवर दुरुस्ती करते, म्हणजे मागच्या सगळ्या तारखांतील नोंद नकळत बदलते. या रीतीत `--inplace` हा पर्याय जोडला तर जुना मजकूरही हातचा जातो. `--link-dest` उपलब्ध असताना तिकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

लिंक होणे थांबले आहे हे rsync मोठ्याने ओरडून सांगत नाही, हाच खरा धोका आहे. `--link-dest` ला दिलेला मार्ग सापेक्ष असेल तर तो ज्या फोल्डरमध्ये फाइली उतरत आहेत त्यापासून मोजला जातो, तुम्ही आदेश जेथून दिला तेथून नव्हे. म्हणून वर `../latest` लिहिले आहे. मार्ग चुकला तर `--link-dest arg does not exist` अशी एक ओळ उमटते आणि rsync पुढे सगळे पूर्ण उतरवत राहते. पहिल्या रात्री ही ओळ येणारच, कारण तेव्हा `latest` अस्तित्वातच नसतो. दुसऱ्या रात्रीपासून ती आली तर काहीतरी बिघडले आहे. बाजारातून आणलेल्या पोर्टेबल डिस्कवर बहुधा exFAT ही फाइल सिस्टिम असते, आणि exFAT मध्ये हार्ड लिंक ही सोयच नाही. अशा डिस्कवर वरची स्क्रिप्ट धड पूर्ण होत नाही, कारण `latest` हा शॉर्टकटही तेथे बनत नाही; आणि rsync एकटे चालवले तर लिंक जमली नाही की ते फाइलीची नक्कल करते. फोल्डर अगदी बरोबर दिसतात आणि डिस्क मात्र झपाट्याने भरत जाते. डिस्क लिनक्सच्या ext4 या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करून घेणे हाच त्यावरचा उपाय. ext4 वर एका आयनोडला ६५,००० नावे देता येतात. रोज एक या हिशेबाने ती मर्यादा गाठायला १७८ वर्षे लागतील.

सगळे सुरळीत आहे का हे पाहण्यासाठी मी एकच आकडा पाहतो. नुकत्याच झालेल्या बॅकअपमध्ये ज्या फाइलींना एकच नाव आहे त्या त्या रात्री नव्याने लिहिल्या गेलेल्या फाइली असतात:

```
find /mnt/backup/latest/ -type f -links 1 | wc -l
```

आमच्याकडे एकूण बावन्न हजारांच्या आसपास फाइली आहेत आणि हा आकडा एरवी तीस ते नव्वदच्या दरम्यान असतो. तो एकदम बावन्न हजार आला तर लिंक तुटल्या आहेत. तो शून्य आला आणि दिवसभर काम झालेले असेल, तर बहुधा सर्व्हरवरचा चुकीचा फोल्डर बॅकअपला जात आहे. दिवसभरात नक्की कोणती ड्रॉइंग्ज बदलली याची यादी हवी असेल तर याच आदेशातील `| wc -l` एवढा भाग काढून टाकायचा.

जुने फोल्डर काढताना तारीख फोल्डरच्या नावावरून वाचावी. `-a` फोल्डरची वेळही सर्व्हरवरून जशीच्या तशी आणते, त्यामुळे काल तयार झालेल्या फोल्डरवर दोन महिन्यांपूर्वीची वेळ असू शकते. ‘साठ दिवसांपेक्षा जुने पुसा’ असा `find -mtime` चा आदेश अशा वेळी कालचा बॅकअप उडवतो.

आकार आणि वेळ तेवढी पाहून ‘बदल नाही’ असे ठरवण्यात rsync वेळ वाचवते, पण त्यातून एक फट उरते. डिस्कवरचा एखादा भाग खराब होऊन फाइलीचा मजकूर बिघडला तर तिचा आकार बदलत नाही आणि वेळही बदलत नाही. बॅकअपमधील बिघडलेली फाइल रोज ‘तीच आहे’ म्हणून नव्या तारखेशी जोडली जाते. इथे या पद्धतीची मूळ मर्यादा उघडी पडते: एखाद्या ड्रॉइंगला तीनशे तारखांत तीनशे नावे असली तरी डिस्कवर ते एकदाच आहे, आणि ते बिघडले तर तीनशे ठिकाणी बिघडते. महिन्यातून एकदा स्क्रिप्टमधील `-a` ऐवजी `-ac` वापरले की दोन्हीकडच्या फाइली पूर्ण वाचून त्यांचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले आकडे, ताडले जातात. मजकूर वेगळा निघाला तर सर्व्हरवरची चांगली फाइल नव्याने लिहिली जाते. याला आमच्याकडे एखादा तास लागतो, म्हणून ते सुट्टीच्या आदल्या रात्री करतो. मात्र सर्व्हरवरचीच फाइल बिघडलेली असेल तर हा उपाय तिलाच ‘नवी’ मानेल. जुनी चांगली प्रत मागच्या तारखेत शाबूत राहील, पण ती शोधण्याचे काम माणसाचे.

म्हणून दुसरी डिस्क हवीच, आणि ती त्याच इमारतीत असू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात कोठवर आले होते ते पाहिलेल्या माणसाला याचे कारण सांगावे लागत नाही. पहिली डिस्क दुसरीवर उतरवताना मात्र एक अक्षर विसरून चालत नाही:

```
rsync -aH --delete /mnt/backup/ /mnt/disk2/
```

`-a` मध्ये हार्ड लिंक जपण्याचा पर्याय समाविष्ट नाही. तो `-H` ने वेगळा द्यावा लागतो. तो न देता उतरवले तर दुसऱ्या डिस्कवर प्रत्येक नावाची स्वतंत्र फाइल तयार होते, आणि त्या सात दिवसांचे चाळीस जीबीही नसलेले सामान खरोखरच २६६ जीबीचे होते. `-H` सोबत rsync ला कोणते नाव कोणत्या आयनोडचे हे सगळे लक्षात ठेवावे लागते. तारखा वाढत जातात तशी मेमरी आणि वेळ दोन्ही वाढतात, आणि तीनशे फोल्डर झाल्यावर हे काम संगणकाला दमवते. तेव्हा दुसऱ्या डिस्कवर नक्कल उतरवण्याऐवजी तीच रात्रीची स्क्रिप्ट तिच्यासाठी स्वतंत्रपणे चालवणे बरे. असे केल्याने प्रत्येक डिस्कवरची फाइल सर्व्हरवरून वेगळी वाचलेली असते आणि एकीचा बिघाड दुसरीवर जात नाही.

आमच्या पहिल्या डिस्कवर त्या वेळी थोड्याच तारखा होत्या, म्हणून पहिल्या खेपेला `-aH` नेच उतरवले. घरी नेण्याआधी दुसऱ्या डिस्कवर कव्हरच्या ड्रॉइंगचा तोच `stat` पुन्हा चालवला. आयनोड क्रमांक सगळे वेगळे होते, आणि ते तसे असणारच, कारण ती फाइल सिस्टिम वेगळी आहे. पण ९ ते ११ या तीन तारखांना एकच क्रमांक आणि पुढे ३, १२ ते १५ या चार तारखांना दुसरा आणि पुढे ४, ही विभागणी जशीच्या तशी उतरली होती, आणि १६ तारखेच्या परत आणलेल्या ड्रॉइंगपुढे, त्याला अजून दुसरी तारीख मिळालेली नसल्याने, १ होता.